अप्पांना कस्टमचं बोलावणं

अप्पांचा तेरावा होऊन आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा मुंबईच्या कस्टम हाउसने त्यांना समक्ष हजर राहायला सांगितलं.

पत्र बारामतीच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. मी इंदापूरहून सकाळच्या एस.टी.ने दुकानाची किल्ली आणि हिशेब बघायला गेले होते. टपाल गल्ल्याशेजारी तसंच पडलं होतं, त्यात हा लांबट, खाकी लिफाफा होता. वर 'श्री. कुंडलिक संभाजी भिसे, प्रोप्रायटर, भिसे बी-भांडार' असं टाईप केलेलं. फोडला. आत इंग्रजीत चार ओळी होत्या. आपल्या ९ ऑगस्टच्या पत्रात आपण स्वतः हजर राहण्याची तयारी दाखवली आहे, तरी अस्सल कागदपत्रांसह २२ तारखेला अप्रेझर, म्हणजे माल तपासणारे अधिकारी, श्री. हट्टंगडी यांच्यापुढे यावं, तोवर माल सोडता येणार नाही.

मी पत्र दोनदा वाचलं. ९ ऑगस्ट म्हणजे तेराव्याचा दुसरा दिवस. जुलैत फ्लूची साथ इंदापुरात घरोघर फिरली, तिच्या शेवटाला अप्पा, माझे वडील, गेले. नरसिंहपूरला संगमावर अस्थी सोडताना मी स्वतः होते. मग ९ ऑगस्टला कस्टमला पत्र लिहिलं कोणी?

खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला नवल वाटलं. गेलेल्या माणसाचं पत्र गोष्टीत येतं, पण ते कस्टमला जात नाही आणि त्यावर जावक क्रमांक घालून उत्तरही येत नाही.

"रामहरीकाका," मी हाक मारली.

रामहरीकाका अप्पांकडे माझ्या लहानपणापासून होते. दुकानाची विक्री, उधारी, टपाल सगळं तेच बघत. ते मागच्या खोलीत पोती झाडत होते. उपरण्याने हात पुसत आले.

"मुंबईच्या कस्टमला तुम्ही पत्र धाडलंत?"

"धाडलं की."

"कुणाच्या सहीनं?"

"मालकांच्या."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. तेच पुढे म्हणाले, "त्याचं असं हाय ताई. फिरोजशा शेठचं पत्र आलं, आपला क्लिअरिंग एजंट. म्हनं माल बोटीवरनं उतरला, पर कस्टमनं धरून ठिवलाय, पेढीच्या सहीचं विनंतीपत्र द्या. तुमच्याकडं नुकताच तेरावा झालेला. तितं कुठं इचारायला यायचं? मग मागल्या सालचं पत्र काढलं, कचेरीसमोरच्या टायपिस्टाकडनं तसंच्या तसं उतरून घेतलं. नवे नंबर घातले, झालं."

"आणि सही?"

काकांनी कपाट उघडलं, पुठ्ठ्याची एक फाईल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. दुकानाचे छापील कागद होते. वर नाव, पत्ता, मध्ये सगळं कोरं, आणि तळाशी उजवीकडे अप्पांची सही. प्रत्येक कागदावर.

"मालक निम्मा आठवडा इंदापूरला, निम्मा शेतकऱ्यांच्या बांधावर," काका म्हणाले. "बँकेचं पत्र, रेल्वेचं पत्र, कस्टमचं पत्र, काय त्यांच्यासाठी थांबतंय? म्हनून सह्या करून ठिवायचे. लै वर्सांचं चालत आलंय."

"पण काका, अप्पा गेलेत."

"मालक गेले. पेढी कुठं गेलीया?" ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "माणूस जातो, पेढी न्हाय जात. सही पेढीची हाय."

त्यांना यात काही चुकीचं वाटत नव्हतं. राग यायला हवा होता. पण मी कस्टमचं पत्र पुन्हा उघडून त्यातली हजर राहण्याची ओळ शोधली.

"मागच्या वर्षीच्या पत्रात शेवटी काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी प्रत काढून दिली. शेवटची ओळ होती: आपण ठरवाल त्या दिवशी मी स्वतः हजर राहीन.

"हे पण उतरवलंत."

काकांनी ओळीवर बोट ठेवून बघितलं. इंग्रजी त्यांना अक्षरं ओळखण्यापुरतंच येत होतं. मी मराठीत सांगितल्यावर ते हळूच खाली बसले. "आरं देवा," म्हणाले. "मालकांनाच बोलावलं व्हय!"

*

माल म्हणजे तीन खोकी भाजीपाल्याचं बी होतं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, बीट. अप्पा ते दरसाल कोपनहेगनच्या एका कंपनीकडून मागवत, कारण आपल्या हवेत कोबीचं झाड बीच धरत नाही. त्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, सुएझचा कालवा पुन्हा चालू झाल्याने बोट वेळेवर आली होती, पण परकीय चलनाची ओढाताण असल्याने लायसन्सं कडक झाली होती. पिंपळी, कन्हेरी आणि कालव्याकाठच्या बऱ्याच गावांतल्या बागाईतदारांनी अप्पांकडे नावं नोंदवली होती. पूर्वा नक्षत्रात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस, रोपांचे वाफे टाकायचे. तोवर बी आलं नाही तर हंगाम गेला. शिवाय हे बी पुढच्या वर्षीसाठी ठेवावं असंही नव्हतं. बी कोरड्यात डबाबंद असलं तर झोपून राहतं, पण पावसाळ्यातल्या मुंबईच्या गोदीत कुणी डबे फोडून ठेवले तर ते आतल्या आत मरतं, आणि वरून बघून काही कळत नाही.

पिंपळीच्या द्वारकाबाई त्याच दुपारी दुकानात आल्या. नवऱ्यामागे त्या स्वतः बागाईत करत.

"वाफं बांधून ठिवल्यात गं मी," त्या मला म्हणाल्या. "शेणखत घातलंय. आता काय त्यात कुत्र्यांनी लोळायचं?"

"मुंबईला अडकलंय बी, द्वारकाबाई."

"कुनी अडकवलं?"

"सरकारनं."

"सरकारला कोबी खायचा न्हाय का?" त्या म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "तुजा बाप असता तर गेला असता आन घिऊन आला असता."

त्या गेल्यावर काकांनी माझ्यासमोर बसून एक तोड काढली. ती त्यांनी दबक्या आवाजात सांगितली, म्हणजे तिच्यात काहीतरी गैर आहे हे त्यांना तेव्हा तरी कळलं असावं.

"जयवंतातात्या हुबेहूब मालकांवानी दिसत्यात का न्हाय?"

जयवंतातात्या अप्पांचे चुलतभाऊ. कन्हेरीला असत.

"मग?"

"सही तर हायेच. माणूस तेवढा पायजे. फेटा बांधला की कोण वळखतंय मुंबईत?"

"आणि साहेबानं विचारलं, कोपनहेगन कुठं आहे?"

काका विचारात पडले. "तात्या सांगतील, इंदापूरच्या खाली."

अप्पा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले. काकाही हसले, आणि मग आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत कागद लावायला लागलो. जयवंतातात्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

*

फिरोजशांना मी ट्रंककॉल लावला. त्यांचा आवाज खरखरत आला, "अरे बाई, तुझा बाप गेला? मला कोण सांगते? तीन खोका उतरला, आणि इन्व्हॉईस दोन. कस्टमवाला विचारते, तिसरा खोका कुणाचा? तू येते तर सगला कागद घेऊन ये. मेलेल्या माणसाचा वकीलपत्र पण मेला, समजली? माझा पण हात बांधला."

म्हणजे अडचणी दोन होत्या. तिसऱ्या खोक्याला कागद नव्हता, आणि आम्ही पाठवलेल्या पत्रात 'सर्व इन्व्हॉईस सोबत जोडली आहेत' असं ठामपणे लिहिलं होतं. मागच्या वर्षीचंच वाक्य.

बँकेतून सोडवून आणलेली कागदपत्रं दुकानात होती. त्यांत बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोट कंपनीची मालाची पावती, तीन खोक्यांचीच होती. पॅकिंग लिस्टही तीनची. तिसऱ्या खोक्यापुढे फक्त 'नमुना' असा शब्द. कसला नमुना? कोणी मागवला? काकांना ठाऊक नव्हतं. "मालक मला सांगितल्याबिगर काय मागवत न्हवते," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी इंदापूरला परतले. घरी अप्पांच्या आजारात आलेलं टपाल आईने कोनाड्यात एकावर एक ठेवलं होतं. कोणी उघडलं नव्हतं. त्यात निळं विमानपत्र होतं. आत तिसरं इन्व्हॉईस, 'विनामूल्य, फक्त चाचणीसाठी' असं लिहिलेलं, आणि कंपनीच्या माणसाचं छोटं पत्र. श्री. भिसे, आपण उन्हाळ्याच्या तोंडाशी गड्डा धरणाऱ्या कोबीबद्दल विचारलं होतंत. आमच्याकडे अशी एक जात तयार होत आहे. थोडं बी पाठवत आहोत. आपल्याकडच्या उन्हात ते कसं वागतं हे कळवावं. आम्हाला फार उत्सुकता आहे.

फाल्गुनात कोबी गड्डा धरत नाही, नुसती पानं पसरतात, अशी द्वारकाबाईंची तक्रार असे. अप्पा ऐकून मान हलवत. त्यांनी त्यावरून एवढ्या लांब पत्र लिहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी कॉलेजात गेले, पुस्तकं वाचली, त्यांना 'बीवाले' म्हणत आले. जगात कुठे काय उगवतं याची चौकशी ते इंदापूरच्या ओसरीवर बसून करत होते आणि हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नवं पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं. मराठीत ते असं होतं:

*असिस्टंट कलेक्टर ऑफ कस्टम्स, मुंबई, यांस.*

*महाशय, भिसे बी-भांडाराचे मालक श्री. कुंडलिक संभाजी भिसे हे २७ जुलै रोजी इंदापूर येथे मयत झाले. म्हणून ते २२ तारखेला हजर राहू शकत नाहीत. त्यांची विधवा श्रीमती प्रयागबाई व मुलगी, म्हणजे मी, अशा दोघी त्यांच्या वारस आहोत. माल त्यांच्या हयातीत, त्यांच्या नावच्या लायसन्सवर मागवला व बोटीवर चढवला गेला.*

*९ ऑगस्टचे पत्र त्यांनी लिहिलेले नाही. त्यांनी हयातीत सही करून ठेवलेल्या कोऱ्या कागदावर ते दुकानातून लिहिले गेले. लिहिणाऱ्याचा फसवण्याचा हेतू नव्हता. ते पत्र आम्ही मागे घेतो.*

*माल तीन खोकी. सोबत जोडले आहे: आयात लायसन्सची अस्सल प्रत, पैसे दिलेल्या मालाची दोन इन्व्हॉईस, विनामूल्य नमुन्याचे तिसरे इन्व्हॉईस (जे आधीच्या पत्रासोबत नव्हते), बँकेच्या शिक्क्यासह बिल ऑफ लेडिंग, पॅकिंग लिस्ट, डेन्मार्कच्या शेतीखात्याचा रोगमुक्ततेचा दाखला, विम्याचा कागद, एजंटाने दाखल केलेल्या बिल ऑफ एन्ट्रीची नक्कल, मृत्यूच्या नोंदीचा नगरपालिकेचा उतारा, वारसांचे प्रतिज्ञापत्र, आणि एजंटाला आम्ही नव्याने दिलेला अधिकार.*

*बी जिवंत वस्तू आहे. तपासणीसाठी प्रत्येक जातीचा एकच डबा उघडावा व पेरणीच्या वेळेआधी माल सोडावा, ही विनंती.*

आईने सही करण्याआधी विचारलं, "ह्यात त्यांचं नाव कुठं हाय?"

मी बोटाने दाखवलं.

"आन हे म्होरं काय लिवलंय?"

"मयत."

तिने तो शब्द थोडा वेळ बघितला. मग खाली आपलं नाव एकेक अक्षर थांबून लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

*

बारामतीहून दौंडला छोट्या गाडीने आणि तिथून मेलने काका आणि मी मुंबईला गेलो. सह्यांची फाईल काकांनी पिशवीत छातीशी धरली होती. ती बरोबर घ्यायची असं मी म्हटल्यावर त्यांनी फक्त "बरं" म्हटलं होतं. गाडीत घाट उतरताना म्हणाले, "मला पकडत्याल का ताई?"

"माहीत नाही, काका."

"पकडलं तर घरी सांगा, पेढीच्या कामात पकडलं."

कस्टम हाउसमध्ये फिरोजशा दाराशीच उभे होते. उंच, वाकलेले, काळी टोपी, हातात कागदांचा गठ्ठा. "तू आली ते बरा केला," ते म्हणाले. "तुझा बाप सोना माणूस होता. कागद मात्र घाईत करायचा."

अप्रेझर हट्टंगडी चाळिशीचे असतील. टेबलावर फायलींच्या मधोमध त्यांनी वीतभर जागा मोकळी ठेवली होती आणि तिथे आमची फाईल आणून टेकवली. वर न बघता विचारलं, "कुंडलिक भिसे?"

मी पत्र काढायला लागले. मग काका म्हणाले, "मालक वारले, सायेब."

हट्टंगडींनी वर बघितलं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचायला बराच वेळ घेतला. मग ९ ऑगस्टचं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि मजकूर आणि सही यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर पेन्सिल टेकवली.

"मला हे बघूनच शंका आली होती," ते मराठीत म्हणाले. "मजकूर इथे संपतो. सही एवढी खाली. माणूस पत्र लिहून सही करतो तेव्हा ती मजकुराच्या पायाशी असते. इथे मजकूर सहीला शोधत आलाय आणि पोचला नाही. म्हणून मी हजर राहायला सांगितलं. म्हटलं, हा गृहस्थ बघावा तरी."

"मी टायपिस्टाला म्हनलं हुतं जरा सैल टाईप कर," काका पुटपुटले.

"तुम्हीच का ते?"

"व्हय सायेब."

"हे खोटं पत्र आहे, ठाऊक आहे? त्या दिवशी जो माणूस जगात नव्हता त्याची सही आहे."

काकांनी हात जोडले नाहीत. ताठ उभे राहून म्हणाले, "सही खरी हाय सायेब. मालकांनी माझ्यादेखत केलीया. तारीख माझी हाय."

हट्टंगडींनी काकांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोडं घातल्यासारखं काहीतरी होतं. "असे आणखी किती कागद आहेत?"

काकांनी पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली. हट्टंगडींनी पानं चाळली. फिरोजशांनी घशातून आवाज काढला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"हे घेऊन आलात," हट्टंगडी म्हणाले.

"परत कोणी वापरू नयेत म्हणून," मी म्हटलं.

ते फाईल आणि पत्र घेऊन असिस्टंट कलेक्टरांच्या खोलीत गेले. आम्ही बाकावर बसलो. फिरोजशा हळू आवाजात सांगत होते की कागद चुकला तर माल जप्त करून लिलावातसुद्धा काढता येतो, कायद्यात तसं आहे. काका ऐकत नव्हते. "लिलावात कोबीचं बी कोण घेणार," एवढंच म्हणाले.

हट्टंगडी परत आले ते उभेच राहिले.

"साहेबांचं म्हणणं असं. लायसन्स दुसऱ्याच्या नावे होत नाही. पण माल त्यांच्या हयातीत बोटीवर चढला आहे, तेव्हा वारसांना सोडवायला हरकत आहे का, हे इम्पोर्ट कंट्रोल ऑफिसला विचारावं लागेल. उत्तराला वेळ लागतो. तोवर बाँड आणि जामीन घेऊन माल सोडता येईल. नमुन्याची बाजारात जी किंमत होईल ती मी लायसन्सवरच्या रकमेतून वजा करीन, फुकट आलं म्हणून ते मोजायचं नाही असं होत नाही. ९ ऑगस्टच्या पत्राबद्दल लेखी ताकीद मिळेल. आणि हे कागद," त्यांनी फाईल माझ्यापुढे ठेवली, "तुम्ही वारस आहात. माझ्यासमोर प्रत्येक सही तुम्ही रद्द करायची. आडवी रेघ, तुमची सही, आजची तारीख. मग ते फायलीला लागतील."

त्यांनी पेन पुढे केलं.

मला ते सोपं वाटलं होतं. पहिल्या काही कागदांवर सोपंच गेलं. अप्पांची सही वळणदार होती, 'भिसे'तला 'भि' उंच, मग एकदम खाली घसरणारी. मी रेघ मारत गेले. मग सह्या बदलल्या. 'भि' थरथरायला लागला. शेवटच्या थोड्या कागदांवर तर अक्षरं ओळीवरून उतरली होती.

मी थांबले. "काका, या कधीच्या?"

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "मालक शेवटचं आले त्या दिशीच्या. अंग तापलेलं हुतं. म्हनलो, राहू द्या. तर म्हनले, आण ते कागद, या टायमाला मला यायला उशीर होईल, तुझं अडायला नको."

हट्टंगडी दुसऱ्या फायलीत काहीतरी शोधू लागले. शोधायला बराच वेळ लावला.

मी उरलेल्या सह्यांवर रेघ ओढली. थांबले असते तर आणखी एक दिवस गेला असता. पेन परत दिलं. त्यांनी सगळे कागद एकत्र करून भोक पाडलं, लाल फितीने बांधलं आणि फायलीत घातलं.

"तपासणी उद्या सकाळी शेडमध्ये," ते म्हणाले. "तुम्ही लिहिल्याप्रमाणे प्रत्येक जातीचा एकच डबा. तिसऱ्या खोक्यात एकच डबा आहे, तो मात्र उघडावाच लागेल." दाराशी पोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "बाई, उन्हाळ्यात खरंच गड्डा धरतो का हो तो कोबी?"

"कोणालाच माहीत नाही अजून," मी म्हटलं.

*

बाँडवर जामीन फिरोजशांनी स्वतः दिला. मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "एजंट आहे बाई, धंदा आहे," आणि पुढे गेले.

शेडमध्ये गोदीचा ओला, मिठाचा वास होता. डबे उघडले, दाणे पोह्यांसारखे तळहातावर घेऊन बघितले, पुन्हा झाकण दाबलं. नमुन्याच्या डब्यातलं बी इतर कोबीपेक्षा वेगळं दिसत नव्हतं, तेच तपकिरी, मोहरीसारखे दाणे. काकांनी झाकण बसल्यावर त्यावर मेण लावलं. मेणबत्ती ते बारामतीहून घेऊनच आले होते.

माल दौंडवरून बारामतीला आला तेव्हा पूर्वा लागलं होतं. दुकानात गर्दी झाली. पण द्वारकाबाईंनी एक पुडी मागून घेतली आणि बाकीच्यांना अडवून धरलं. "थांबा रं. मुंबईचं पाणी पिऊन आलंय बी. आधी बघू जित्तं हाय का."

त्यांनी उघडलेल्या डब्यांतल्या बियांच्या आणि नमुन्याच्या वेगवेगळ्या पुरचुंड्या ओल्या फडक्यात बांधल्या, आणि फडकं घरी नेऊन चुलीजवळच्या गवतात ठेवलं. बोलावतील तेव्हा यायचं असं सांगून गेल्या. मी दुकानात थांबले. त्या दिवसांत काका काहीही वाचायला माझ्याकडे आणायचे, पोत्यावरचा शिक्कासुद्धा.

पिंपळीहून निरोप आला तेव्हा मी आणि काका दोघंही गेलो. द्वारकाबाईंनी ओसरीवर फडकं उलगडलं. कोबीच्या पुरचुंडीत पांढरे, केसासारखे कोंब दाटले होते. फ्लॉवरमध्येही. नवलकोल जरा मागे होतं. सगळ्यात शेवटी त्यांनी नमुना उघडला. निम्मे दाणे तसेच होते. उरलेल्यांना कोंब फुटले होते, काही वाकडे, एक दोन तर फडक्याच्या धाग्यातून आरपार गेलेले.

द्वारकाबाई वाकून बघत राहिल्या. काका त्यांच्याही पुढे वाकले.

"निम्मं गेलं," मी म्हटलं.

"निम्मं आलं की," द्वारकाबाई म्हणाल्या. "ह्येला येगळा वाफा कडंला. आन त्या गोऱ्या मानसाला इंग्रजीत लिव, फाल्गुनात कळवते म्हनावं." मग त्यांनी अंगणात हाक मारली, "सोनबा, पाणी सोड रं वाफ्याला!"

पाटाचं पाणी वळून वाफ्यात शिरलं. मी चपला काढून कडेच्या वाफ्यात उतरले. कोंब फुटलेले दाणे चिमटीत मोडू नयेत म्हणून द्वारकाबाईंनी ते ओल्या वाळूत मिसळून माझ्या ओंजळीत दिले आणि कसे टाकायचे ते दाखवायला पुढे झाल्या.